चेक परत आला. आता नोटीस कशी लिहायची?

चेक परत आला की दुकानदार आधी फोन करतो आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला एकदम नोटीस धाडणं त्याच्या जिवावर येतं, आणि आधी बोलून बघण्यात गैर काही नाही. मात्र चेक वटला नाही असं बँकेने कळवलं की त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी पाठवावी लागते. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमधलं कलम १३८ तसं सांगतं. पूर्वी ही मुदत १५ दिवसांची होती, २००२च्या दुरुस्तीने ती ३० झाली. ‘सोमवारी टाकतो’, ‘पार्टीकडून आले की लगेच’ अशा निरोपांत हे ३० दिवस कसे सरतात ते कळतही नाही.

उदाहरणादाखल कोल्हापूरचा एक प्लायवूडचा दुकानदार घेऊ. फर्निचरचं काम घेणाऱ्या एका ठेकेदाराने त्याच्याकडून माल उचलला आणि १,८४,५०० रुपयांचा चेक दिला. ११ जूनला बँकेने चेक परत केला. सोबतच्या रिटर्न मेमोवर कारण लिहिलं होतं, खात्यात पुरेशी रक्कम नाही. त्यानंतर दोघांच्या मोबाइलवर हे असं घडलं:

‘भाऊ, चेक परत आला. खात्यात पैसे नाहीत म्हणतात.’

‘सॉरी शेठ. तुमचे एक लाख चौऱ्याऐंशी देणं आहेच, नाही म्हणत नाही. १५ तारखेला ५० टाकतो, बाकीचे गणपतीच्या आधी.’

‘बरं. पण नक्की.’

१५ तारीख गेली. दुकानदाराने दोनदा विचारलं, निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. शेवटी २० जूनला रात्री त्याने लिहिलं, ‘फोन उचलत नाही तुम्ही. आधीचं बिल, टेम्पो भाडं, बँकेचा दंड धरून सव्वादोन लाख झाले. उद्या दिले नाहीत तर आत टाकीन, सगळ्या मार्केटला सांगीन.’

या संभाषणात नोटिशीच्या कामाचं बरंच आहे आणि नोटिशीला घातक ठरेल असंही आहे. सगळ्यात मोलाचं वाक्य ठेकेदाराचं आहे: ‘एक लाख चौऱ्याऐंशी देणं आहेच.’ पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर ‘चेक नुसता तारण म्हणून दिला होता’ हा बचाव हमखास पुढे येतो. त्याने स्वतः लिहून दिलेली ही कबुली तेव्हा उपयोगी पडते, म्हणून ती तारखेसह नोटिशीत घ्यावी आणि मूळ चॅट फोनमधून पुसू नये. नुसत्या स्क्रीनशॉटवर कोर्टात भागत नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यामुळे ज्या फोनवर बोलणं झालं तो फोनही जपून ठेवावा.

उलट दुकानदाराची दोन वाक्यं त्याच्याच अंगावर येऊ शकतात. पहिलं ‘बरं’. गणपतीपर्यंत मुदत दिली, असा अर्थ त्यातून समोरचा वकील काढेल. दुसरं ‘आत टाकीन, मार्केटला सांगीन’. यातून वसुली तर होत नाहीच, वर धमकावल्याची तक्रार व्हायला जागा मिळते. नोटिशीत राग, टोमणे, मार्केट, घरची माणसं यांतलं काहीही नसावं. ‘पैसे न दिल्यास कलम १३८ खाली कायदेशीर कारवाई करावी लागेल’ एवढं वाक्य पुरेसं आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक आकड्यात होते. दुकानदाराच्या डोक्यात हिशेब एकच आहे: चेकचे १,८४,५००, आधीच्या बिलाचे ३८,२००, टेम्पोचे १,८०० आणि बँकेचा दंड ५९०, मिळून २,२५,०९०. वहीपुरता हा हिशेब बरोबर आहे. नोटिशीत मात्र ‘सव्वादोन लाख द्या’ असं मोघम लिहिलं तर तिचा पायाच ढासळतो, कारण कलम १३८ मध्ये मागायची रक्कम म्हणजे त्या चेकची रक्कम. सुमन सेठी प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्याज, खर्च वगैरे मागितलं म्हणून नोटीस बाद होत नाही, पण चेकची रक्कम त्यात वेगळी आणि स्पष्ट मागितलेली हवी. कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात २०२५ साली न्यायालय याहून कडक झालं. चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत दोन कोटी पडले होते. टंकलेखनातली चूक म्हणून सांगूनही उपयोग झाला नाही, नोटीस अवैध ठरली. म्हणून माझं स्पष्ट मत असं की बाकीची उधारी या नोटिशीत आणूच नये, तिच्यासाठी वेगळं पत्र लिहावं. आकडा अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहावा, आणि तो चेक समोर ठेवून ताडून पाहावा.

एक सापळा चेक टाकण्याच्या आधीचाही असतो. चेक हातात असताना गिऱ्हाइकाने वीस हजार यूपीआयने दिले आणि दुकानदाराने तरीही पूर्ण रकमेचा चेक तसाच भरला, तर त्या दिवशीचं खरं देणं चेकच्या आकड्यापेक्षा कमी असतं. दशरथभाई पटेल प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा वेळी मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर करायला हवी होती. तशी न करता भरलेला पूर्ण रकमेचा चेक परत आला तर कलम १३८चा गुन्हा होत नाही. अशा स्थितीत नोटीस लिहिण्याआधी वकिलाला विचारावं. आपल्या ठेकेदाराने मधल्या काळात एक पैसाही दिलेला नाही, त्यामुळे त्याचा मामला सरळ आहे.

आता तारखेचं पाहू. ‘३० जूनपर्यंत पैसे द्या’ असं लिहिण्याचा मोह होतो, पण कायद्याने गिऱ्हाइकाला नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवस दिलेले आहेत, आणि ती कधी पोहोचेल हे आपल्या हातात नसतं. म्हणून ‘ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत’ असंच लिहावं. चेकची तारीख, तो परत आल्याची तारीख आणि नोटिशीची तारीख मात्र न चुकता घालावी.

गिऱ्हाइकाला पर्याय द्यावेत, पण ते पैसे कसे द्यायचे याचे असावेत. किती द्यायचे आणि कधी द्यायचे, याला पर्याय ठेवू नये. तेही नीट पाहून लिहावेत. आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात, तेव्हा १,८४,५०० तिथून जाणार नाहीत. यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला एक लाख असते. उरतात एनईएफटी आणि डिमांड ड्राफ्ट. हप्त्याची दारं बंद करायची नसतील तर तो पर्याय अटीसह, शेवटी द्यावा. तो मोकळा सोडला की चॅटमधलं ‘बरं’ नोटिशीतही शिरतं.

हे सगळं धरून नोटीस अशी होईल:

दि. २४ जून

प्रति, (चेकवर जसे आहे तसे नाव व पूर्ण पत्ता)

विषय: न वटलेल्या चेकच्या रकमेची मागणी

महोदय, सविनय नमस्कार.

आपण आमच्या दुकानातून प्लायवूड खरेदी केले (बिल क्र. व दिनांक). त्या देण्यापोटी आपण दि. ५ जूनचा, क्र. (…), (बँक व शाखा) या बँकेचा रु. १,८४,५०० (अक्षरी रुपये एक लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशे) इतक्या रकमेचा चेक दिला. हा चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ या कारणाने परत आल्याचे आम्हाला दि. ११ जून रोजी बँकेच्या मेमोने कळले. ही रक्कम देणे असल्याचे आपण दि. १२ जून रोजी व्हॉट्सअ‍ॅपवर मान्य केले आहे.

तरी ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत सदर चेकची संपूर्ण रक्कम रु. १,८४,५०० द्यावी, ही विनंतीपूर्वक मागणी. रक्कम पुढील खात्यात एनईएफटीने भरता येईल (खात्याचा तपशील) किंवा आमच्या नावे डिमांड ड्राफ्टने देता येईल. रक्कम मिळताच मूळ चेक परत करून पावती दिली जाईल.

एकरकमी देणे शक्य नसल्यास आपला लेखी प्रस्ताव याच मुदतीत कळवावा. तो आम्ही लेखी मान्य करेपर्यंत वरील मागणी व मुदत कायम राहील.

मुदतीत रक्कम न मिळाल्यास कलम १३८ खाली कायदेशीर कारवाई करणे आम्हाला भाग पडेल.

आपला, (सही, नाव, पत्ता)

वकिलाच्याच लेटरहेडवर नोटीस हवी असं कायदा म्हणत नाही, चेक ज्याच्या नावे आहे तो स्वतः सही करून ती पाठवू शकतो. चेक फर्मच्या किंवा कंपनीच्या खात्याचा असेल तर फर्म आणि सही करणारा या दोघांनाही पाठवावी. सोबत चेक आणि मेमो यांच्या झेरॉक्स जोडाव्यात. मूळ कागद कधीही हातचे सोडू नयेत. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा पोस्टात नोंदणी आणि पोचपावती मागून घ्यावी आणि ट्रॅकिंगच्या पानाची छापील प्रत ठेवावी. नोटिशीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकावा, सोबत ‘आज पोस्टाने पाठवली आहे’ एवढंच लिहून.

गिऱ्हाईक पाकीट घेत नाही, घर बंद आहे म्हणून ते परत येतं, असंही होतं. ते न फोडता तसंच जपावं. पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोहोचली असं कोर्ट गृहीत धरतं. अलवी हाजी प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने पुढे असंही सुनावलं की नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्याने कोर्टाचं समन्स हाती पडल्यावर १५ दिवसांत पैसे भरावेत. तेही न भरणाऱ्याला ही सबब सांगता येणार नाही.

३० दिवस आधीच निघून गेले असतील तरी सगळं संपत नाही. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने उलटले नसतील तर तो पुन्हा भरता येतो, आणि पुन्हा परत आल्यास त्या मेमोपासून नवे ३० दिवस मिळतात.

आपल्या ठेकेदाराला पाकीट २७ जूनला मिळालं असं धरू. तो दिवस सोडून मोजलं तर १५वा दिवस १२ जुलै. मधेच त्याने पन्नास हजार भरले तर ते घ्यावेत आणि पावतीवर ‘चेक क्रमांक अमुकपैकी अंशतः जमा’ असं लिहून द्यावं. उरलेल्या रकमेची मागणी उभीच राहते. १२ जुलैच्या आत तक्रार दाखल करायची घाई करू नये, कारण १५ दिवस पुरे होण्याआधी केलेली तक्रार टिकत नाही. पैसे आले नाहीत तर १३ जुलैपासून महिनाभराच्या आत, जिथे दुकानदाराचं खातं आहे त्या शाखेच्या हद्दीतल्या मॅजिस्ट्रेटकडे ती दाखल करावी लागते. त्यासाठी मूळ चेक, मेमो, नोटिशीची सहीची प्रत, पोस्टाची पावती आणि पोचपावती एकाच फायलीत लावून वकिलाकडे न्यायची.