एकाच कांद्यातली दोन विभाजने

‘मायटॉसिस आणि मियॉसिस यांतील फरक तक्त्याच्या रूपात लिहा.’ पहिल्या वर्षाला हा प्रश्न ठरलेला, आणि त्याचा दहा-बारा ओळींचा तक्ताही बहुतेकांना पाठ असतो. पण त्याच विद्यार्थ्याला विचारून पाहा, की कांद्याच्या परागकोशातल्या पेशीत मेटाफेज-१ला क्रोमॅटिड किती? आठ, सोळा आणि बत्तीस हे तिन्ही आकडे आळीपाळीने ऐकायला मिळतात. तक्ता पाठ आहे, पण तो कुठून आला ते माहीत नाही, म्हणून असे होते. खरे तर त्या तक्त्यातली एकच ओळ कळली, तर बाकीच्या ओळी आपोआप लिहिता येतात.

उदाहरणाला कांदाच घेऊ. कांद्याच्या शरीरपेशीत १६ गुणसूत्रे असतात. आठ बीजांडाकडून आलेली आणि आठ परागाकडून आलेली, म्हणजे आठ समजात जोड्या. शिवाय मायटॉसिस आणि मियॉसिस ही दोन्ही विभाजने या एकाच झाडात बघायला मिळतात. पहिले मुळाच्या टोकात, दुसरे फुलातल्या परागकोशात.

आधी मूळ. पाण्याच्या पेल्यावर कांदा ठेवला की काही दिवसांत मुळे फुटतात. ती एक-दोन सेंटिमीटर झाली की कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात ठेवायची. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडे गरम करून मऊ करायची, ॲसिटोकार्मिनने रंगवायची आणि कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाबायची. प्रॅक्टिकलला बहुतेकांची स्लाइड इथे फसत नाही, ती त्याआधीच फसलेली असते. मुळाचा लांब तुकडा घेतला की त्यात नुसत्या लांबट, वाढ संपलेल्या पेशी दिसतात आणि विभाजन एकही सापडत नाही. हवे असते ते शेवटचे दोन-तीन मिलिमीटर, जिथे टोक जरा गडद आणि अपारदर्शक असते. तिथेही बहुसंख्य पेशी इंटरफेजमध्येच असणार, त्याने घाबरू नये.

विभाजनाला लागण्यापूर्वी पेशीने आपल्या डीएनएची नक्कल केलेली असते. त्यामुळे प्रत्येक गुणसूत्र आता दुहेरी असते: दोन सारखी क्रोमॅटिड, सेंट्रोमियरपाशी एकत्र धरलेली. इथे मोजणीचा नियम पक्का करून घ्या, सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. गुणसूत्रे मोजायची ती सेंट्रोमियरवरून. दोन क्रोमॅटिड एका सेंट्रोमियरला धरून असतील, तर ते एकच गुणसूत्र. म्हणून मेटाफेजला मुळाच्या पेशीत गुणसूत्रे १६ आणि क्रोमॅटिड ३२. ही सोळाही गुणसूत्रे सुटी सुटी मध्यरेषेवर येतात; जोडीदार कुठे आहे याची कोणाला फिकीर नसते. ॲनाफेजला सेंट्रोमियर दुभंगते, क्रोमॅटिड वेगळी होतात आणि त्या क्षणापासून प्रत्येक क्रोमॅटिड स्वतंत्र गुणसूत्र म्हणून मोजले जाते. म्हणजे पेशी दुभंगेपर्यंत थोडा वेळ तिच्यात ३२ गुणसूत्रे असतात, १६ एका टोकाकडे आणि १६ दुसऱ्या. पुढे दोन पेशी, प्रत्येकीत १६.

आता फूल. कांद्याला डेंगळे आले की शेतकरी वैतागतो, कारण तो कांदा साठवणुकीला टिकत नाही; बीजोत्पादन करणारा मात्र त्याचीच वाट पाहत असतो. डेंगळ्याच्या टोकाच्या गोंड्यात कळ्या एका वयाच्या नसतात, आणि हे आपल्या सोयीचे आहे. उमलायला आलेल्या कळीत पराग तयार झालेले असतात, तिथे उशीर झाला. लहान, घट्ट मिटलेल्या कळ्यांतले परागकोश घेऊन रंगवले, तर कुठल्या तरी कळीत नेमकी हवी ती अवस्था सापडते.

या परागमातृपेशीनेही डीएनएची नक्कल एकदा केलेली आहे. सुरुवात मुळातल्या पेशीसारखीच: गुणसूत्रे १६, क्रोमॅटिड ३२. फरक पडतो तो प्रोफेज-१मध्ये. समजात गुणसूत्रे एकमेकांना शोधून लांबीभर जुळतात, त्यांच्यातल्या शेजारच्या क्रोमॅटिडांचे तुकडे अदलाबदल होतात आणि त्या जागी, म्हणजे कायझ्माशी, जोडी अडकून राहते. सूक्ष्मदर्शकात आता सोळा सुट्या दांड्या दिसत नाहीत. दिसतात आठ आकृत्या, काही अंगठीसारख्या, काही दांडीसारख्या. हीच आठ बायव्हॅलंट. स्लाइड कुठली ते ओळखायची सोपी खूण हीच.

आणि आता ती एक ओळ. ॲनाफेज-१ला सेंट्रोमियर दुभंगत नाही. जोडीतले एक आख्खे गुणसूत्र, आपली दोन्ही क्रोमॅटिड बरोबर घेऊन, एका टोकाकडे जाते आणि त्याचा जोडीदार तसाच दुसऱ्या टोकाकडे. प्रत्येक टोकाला गुणसूत्रे ८, पण क्रोमॅटिड १६. संख्या निम्मी झाली ती इथे, पहिल्याच विभाजनात.

असे का होते? दोन क्रोमॅटिड एकत्र धरून ठेवणारे कोहेसिन नावाचे प्रथिन असते आणि ॲनाफेजला सेपरेज हे विकर ते तोडते. मायटॉसिसमध्ये ते सगळीकडून सुटते. मियॉसिसच्या पहिल्या फेरीत ते गुणसूत्राच्या बाहूंवरून सुटते, त्यामुळे कायझ्माशी अडकलेली जोडी मोकळी होते. सेंट्रोमियरपाशी मात्र शुगोशिन हे दुसरे प्रथिन त्याला सेपरेजपासून वाचवते. शुगोशिनचे हे काम योशिनोरी वातानाबे यांच्या जपानी गटाने २००४ साली यीस्टमध्ये दाखवून दिले. शिवाय पहिल्या फेरीत एका गुणसूत्राच्या दोन्ही क्रोमॅटिडांना स्पिंडलचे धागे एकाच टोकाकडून पकडतात. त्यामुळे ती दोघे मिळूनच ओढली जातात.

दुसऱ्या फेरीआधी डीएनएची नक्कल पुन्हा होत नाही. आता हे संरक्षण उठते, सेंट्रोमियर दुभंगते आणि ८ गुणसूत्रांच्या दोन पेशींतून ८ गुणसूत्रांच्या चार पेशी होतात. ही दुसरी फेरी मायटॉसिससारखीच असते असे पुस्तकात लिहितात. यंत्रणेपुरते ते बरोबर आहे. पण मायटॉसिसमधली दोन क्रोमॅटिड तंतोतंत सारखी असतात. इथे अदलाबदल झालेली असल्याने ती तशी उरलेली नसतात.

आता तक्ता. आकडे कांद्याचे आहेत. डीएनए मोजताना अंतिम परागपेशीतले प्रमाण १ धरले आहे.

| मुद्दा | मायटॉसिस (मुळाचे टोक) | मियॉसिस (परागकोश) |
|---|---|---|
| डीएनएची नक्कल | एकदा | एकदाच, पहिल्या फेरीआधी |
| विभाजनाच्या फेऱ्या | एक | दोन |
| समजात जोड्या | जुळत नाहीत | प्रोफेज-१ला जुळतात, ८ बायव्हॅलंट |
| क्रॉसिंग ओव्हर | सहसा नाही | प्रोफेज-१मध्ये होते |
| मध्यरेषेवर काय | १६ सुटी गुणसूत्रे | मेटाफेज-१: ८ जोड्या, मेटाफेज-२: प्रत्येक पेशीत ८ सुटी |
| ॲनाफेजला काय वेगळे होते | क्रोमॅटिड | ॲनाफेज-१: समजात गुणसूत्रे, ॲनाफेज-२: क्रोमॅटिड |
| ॲनाफेजला एका पेशीतली एकूण गुणसूत्रे | ३२ | ॲनाफेज-१: १६, ॲनाफेज-२: १६ |
| डीएनएचे प्रमाण | ४ वरून २ | ४ वरून २, मग १ |
| शेवटी | २ पेशी, प्रत्येकी १६ | ४ पेशी, प्रत्येकी ८ |
| जनुकीय संच | मूळ पेशीसारखाच | मूळ पेशीपेक्षा आणि आपापसांतही वेगळा |

तक्त्यातली सहावी ओळ झाकून बाकीच्या ओळी तिच्यावरून काढता येतात का, ते करून पाहा. येत असतील तर पाठांतराची गरज नाही.

गाइडांच्या तक्त्यात दोन विधाने हमखास अर्धवट असतात. एक, मायटॉसिसमधून द्विगुणित पेशी तयार होतात. खरे म्हणजे मूळ पेशीत जेवढी गुणसूत्रे, तेवढीच मिळतात. कांद्याचा परागकण तयार होताना ८ गुणसूत्रांची पेशी मायटॉसिसनेच विभागते आणि ८-८ गुणसूत्रांच्या दोन पेशी देते. दोन, मियॉसिसमधून चार युग्मके मिळतात. परागकोशात चार पेशी मिळतात खऱ्या, पण त्या युग्मके नव्हेत, बीजाणू. आणि स्त्रीमध्ये एका मातृपेशीमागे एकच अंडपेशी कामाची असते. बाकीचा वाटा छोट्या ध्रुवीय पिंडांत जातो.

मियॉसिसचा परिणाम शेतातही दिसतो, फक्त कांद्याशेजारी लसूण ठेवून बघायचा. लसणाचीही गुणसूत्रे १६च. पण लसूण आपण पाकळ्या लावून घेतो आणि लागवडीतल्या बहुतेक लसणाला बी धरतच नाही. त्याची पिढ्यान् पिढ्या वाढ मायटॉसिसवरच चालते, म्हणून पाकळीतून आलेले झाड मूळ झाडासारखेच निघते. कांद्याचे बी मात्र मियॉसिसमधून आलेले. आठ जोड्यांपैकी कुठले गुणसूत्र कुठल्या टोकाला जाईल ते दर जोडीचे स्वतंत्रपणे ठरते, म्हणजे क्रॉसिंग ओव्हर बाजूला ठेवले तरी एका झाडाच्या परागात २५६ प्रकारचे संच होऊ शकतात. बीजोत्पादनासाठी कांदे निवडताना रंग, आकार, मानेची जाडी बघून वेगळे कांदे बाजूला काढावे लागतात ते याचसाठी. लसणात हा त्रास फारसा नाही, पण नवे वाण काढायला वावही तेवढाच कमी.

कधी कधी ही वाटणी चुकते. माणसात २१व्या गुणसूत्राची जोडी सुटली नाही आणि दोन्ही प्रती एकाच युग्मकात गेल्या, तर पुढे तीन प्रती होऊन डाऊन सिंड्रोम होतो. चूक कुठल्या फेरीत झाली हेही शोधता येते. सेंट्रोमियरजवळच्या डीएनएच्या खुणा तपासायच्या: युग्मकात आलेल्या दोन प्रती तिथे एकमेकींहून वेगळ्या निघाल्या, तर जोडी पहिल्या फेरीत सुटली नाही, सारख्या निघाल्या तर क्रोमॅटिड दुसऱ्या फेरीत सुटली नाहीत. बहुतेक वेळा ही चूक आईकडच्या विभाजनात आणि पहिल्या फेरीत झालेली असते.

परीक्षेआधी हाच हिशेब ४६ गुणसूत्रांच्या मानवी पेशीसाठी कागदावर करा आणि मग पडताळा: मायटॉसिसच्या ॲनाफेजला ९२ गुणसूत्रे, मेटाफेज-१ला ४६ गुणसूत्रे, ९२ क्रोमॅटिड, २३ बायव्हॅलंट, मेटाफेज-२ला प्रत्येक पेशीत २३ गुणसूत्रे आणि ४६ क्रोमॅटिड. एखादे उत्तर चुकले, तर तुम्ही सेंट्रोमियरऐवजी क्रोमॅटिड मोजलीत का, ते आधी तपासा.