सवलतीच्या शुल्काआधी आठवा रकाना वाचा

समजा, व्हिएतनामहून लाकडी खुर्च्या न्हावाशेवा बंदरात आल्या आहेत. आसियान करारातली शुल्कसवलत हवी, म्हणून पुरवठादाराने ‘फॉर्म एआय’ हे उगम प्रमाणपत्र पाठवले आहे. त्याचा आठवा रकाना आधी वाचा. माल कोणत्या निकषावर व्हिएतनामचा ठरला, ते तिथे लिहिलेले असते.

सर्वसाधारण नियम असा, की मालाच्या एफओबी किमतीत आसियान-भारतातले मूल्य किमान 35 टक्के हवे आणि बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचे सहा अंकी शुल्कवर्गीकरण तयार मालात बदललेले हवे. खुर्च्यांची एफओबी किंमत 10 लाख आणि त्यात चिनी भाग 6 लाख 80 हजारांचे असतील, तर उरतात 32 टक्के. मग प्रमाणपत्रावर शिक्का असला तरी सवलत टिकत नाही.

2020च्या ‘कॅरोटार’ नियमांनुसार बिल ऑफ एंट्रीत प्रत्येक वस्तूसमोर सवलतीची अधिसूचना, प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख आणि निकष भरून माल पात्र असल्याचे घोषित करावे लागते. हे घोषणापत्र तुमचे असते, पुरवठादाराचे नव्हे. म्हणून चिनी भागांची किंमत आणि उत्पादनाची प्रक्रिया ऑर्डर देतानाच लेखी मागा. माल अडकल्यावर पुरवठादार उत्तर देईलच असे नाही. ही कागदपत्रे पाच वर्षे जपावी लागतात.

बिल सिंगापूरच्या कंपनीचे असेल, तर तिसऱ्या देशाच्या बिलाची नोंद प्रमाणपत्रावर हवी. खाडाखोड असेल आणि ती देणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेली नसेल, तर पडताळणीशिवायही दावा फेटाळला जाऊ शकतो.