हिरव्या पानातला पिवळा रंग

पालकाची जुडी दोन-तीन दिवस तशीच राहिली, की काही पाने पिवळी पडतात. नववीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘सर, हा पिवळा रंग पान सुकताना तयार होतो, की आधीपासूनच आत असतो?’ वर्गाचा मिश्रणे वेगळी करण्याचा प्रकल्प चालूच होता. मी म्हटले, पानालाच विचारू या.

पण सुरुवात केली काळ्या स्केचपेनपासून, कारण ते सोपे. गाळणकागदाची बोटभर रुंद, लांब पट्टी कापायची. खालच्या टोकापासून २ सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारायची. रेघ पेन्सिलीचीच हवी, कारण शाईची रेघ स्वतःच पाण्याबरोबर वर चढू लागते. रेघेवर स्केचपेनचा बारीक ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा, त्याच जागी पुन्हा द्यायचा. मग पट्टी पेल्यात अशी टांगायची, की टोक पाण्यात बुडेल पण ठिपका पाण्याच्या वर राहील. ठिपका बुडाला तर शाई पेल्यातच उतरते. पट्टी पेल्याच्या भिंतीला चिकटली, तर पाणी तिरके चढते आणि रंग एका बाजूला ओढले जातात.

पाणी कागदाच्या तंतूंमधून वर चढते आणि काळा ठिपका फुटू लागतो. आमच्या एका पट्टीवर निळा रंग सर्वांत वर गेला, गुलाबी मागे राहिला. पाणी रेघेपासून ८ सेंटिमीटर चढले होते, निळा ७.२ आणि गुलाबी ५.२. भागाकार केला तर निळ्याचा आकडा ०.९० आणि गुलाबीचा ०.६५. पाणी कमीजास्त चढले, तरी कागद आणि द्रावक तेच असतील तर हे प्रमाण साधारण तेच राहते. म्हणून सेंटिमीटरपेक्षा हा आकडा वहीत लिहिणे महत्त्वाचे. एका मुलाने पक्क्या शाईचे मार्कर आणले होते. त्याचा ठिपका जागचा हलला नाही. म्हणजे त्या शाईत एकच रंग आहे असे नव्हे, ती पाण्यात विरघळत नाही एवढेच.

पानाचेही तसेच. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून इथे पाणी चालत नाही. पालकाची ताजी पाने शिरा काढून, कोरडी करून, चिमूटभर बारीक वाळू आणि थोडे अ‍ॅसिटोन घालून खलात घोटायची. जो गडद हिरवा अर्क निघतो, त्याचा ठिपका दहा-पंधरा वेळा, दरवेळी वाळवून द्यावा लागतो. इथे मुले हमखास कंटाळतात, आणि पुढे पट्टे फिके आले की पानाला दोष देतात! वर चढवण्यासाठी नऊ भाग पेट्रोलियम ईथर आणि एक भाग अ‍ॅसिटोन घ्यायचे. हे मिश्रण चटकन पेट घेते. त्यामुळे हे काम शाळेच्या प्रयोगशाळेतच, शिक्षकांसमोर, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास कोणतीही ज्योत नसताना करायचे. बरणीला झाकण हवे, नाहीतर द्रावक वाटेतच उडून जातो.

थोड्या वेळात हिरव्या ठिपक्याचे चार पट्टे झाले. सर्वांत वर नारिंगी-पिवळे कॅरोटीन, त्याखाली पिवळे झँथोफिल, मग निळसर हिरवे ‘अ’ हरितद्रव्य आणि तळाशी पिवळट हिरवे ‘ब’ हरितद्रव्य. हा क्रम का? कागदाचे सेल्युलोज ओलावा धरून ठेवते आणि ऑक्सिजन असलेल्या रेणूंना ओढ लावते. कॅरोटीनमध्ये नुसता कार्बन आणि हायड्रोजन, त्यामुळे त्याला कागदाची पकडच नाही. ते द्रावकाबरोबर जवळजवळ माथ्यापर्यंत धावते. झँथोफिलमध्ये ऑक्सिजन आहे, म्हणून ते मागे पडते. दोन हरितद्रव्यांत फरक अगदी लहानसा, पण ‘ब’मध्ये एक ऑक्सिजन जास्त, आणि तेवढ्यावर ते ‘अ’च्या मागे राहते. कधी यांत एक राखाडी पट्टाही दिसतो. हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून गेले, की तो येतो. शिळ्या किंवा उकडलेल्या पानांत हे होते.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी हेच पट्टे खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीत पाहिले आणि १९०६ साली या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. त्यांच्या आडनावाचा रशियनमधला अर्थही ‘रंग’च! कागदाची पट्टी मात्र बरीच नंतर, १९४४ साली इंग्लंडमध्ये आली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. ताज्या हिरव्या पानातून पिवळे पट्टे निघाले, म्हणजे पिवळा रंग आत होताच. तरी ती म्हणाली, पिवळ्या पानाचीही पट्टी करू. दोन्ही अर्क एकाच कागदावर शेजारीशेजारी ठेवले. पिवळ्या पानाच्या बाजूला हिरवे पट्टे जेमतेम दिसत होते, पण पिवळा पट्टा शेजारच्या पिवळ्याच्या बरोबर रेषेत आला. एकाच उंचीवर आले म्हणून दोन पदार्थ एकच, असे निश्चित म्हणता येत नाही, हे मी सांगितले. तिने वहीत लिहिले, ‘बहुधा तोच.’ मग पट्टी कपाटात ठेवली, कारण उजेडात हे रंग फिके पडतात.