शिक्षिकेच्या आवाजातली शब्दवही

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मन शिकणाऱ्यांत पुण्यामुंबईबाहेरची मुलंमुलीही दिसू लागली. कुणी नर्सिंग केलेलं, कुणी आयटीआय झालेलं. वर्ग बहुधा ऑनलाइन असतो, शिक्षिका मराठीतून समजावते आणि तासाचं रेकॉर्डिंग फोनवर येतं. ते पुन्हा अथपासून इतिपर्यंत ऐकायला सहसा कुणाला सवड होत नाही. मात्र त्याच रेकॉर्डिंगमधून शब्द, त्याचा अर्थ आणि शिक्षिकेने स्वतः उच्चारलेलं उदाहरणाचं वाक्य अशी यादी काढली, तर तो तास महिनोन् महिने वापरता येतो.

ही यादी करताना एक गोष्ट पक्की धरावी. तिचे तीन रकाने तीन वेगळ्या ठिकाणांहून भरायचे असतात. मूळ शब्द शब्दकोशातून घ्यायचा, अर्थ शिक्षिकेने सांगितलेला घ्यायचा आणि वाक्य जसंच्या तसं रेकॉर्डिंगमधलं. ही सरमिसळ झाली की यादीत चुका शिरतात आणि त्या पाठही होतात.

एक उदाहरण घेऊ. शिक्षिका म्हणते, ‘इश् त्साले मित देअर कार्टे’, म्हणजे मी कार्डाने पैसे देते. ऐकणारा वहीत ‘देअर कार्टे’ असं उतरवून घेतो. पण कार्टे हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्याचं मूळ रूप ‘दी कार्टे’. ‘मित’ या शब्दामुळे इथे ‘दी’चं ‘देअर’ झालं आहे. पुल्लिंगी नामालाही मूळ रूपात ‘देअर’च लागतं, त्यामुळे अशा यादीवर अभ्यास केलेला विद्यार्थी कार्टेला जन्मभर पुल्लिंगी समजू शकतो. म्हणून नाम कोशात पाहून लिंग आणि अनेकवचनासकट लिहावं. वाक्याला मात्र हात लावू नये, तिथे ‘देअर’च राहू द्यावं.

अर्थाचा रकाना मात्र कोशातून भरू नये. कोशात एका शब्दापुढे पाच-सहा अर्थ असतात, वर्गात त्यातला एकच चालू असतो. मराठीतून चालणाऱ्या वर्गात तो सापडवायला एक चांगली खूण आहे, शिक्षिकेचं ‘म्हणजे’. नवा शब्द आला की ती थांबते, ‘म्हणजे’ म्हणते, अर्थ सांगते आणि लगेच वाक्य देते. रेकॉर्डिंग दीडपट वेगाने ऐकत जावं आणि प्रत्येक ‘म्हणजे’पाशी वेळ टिपावी. चॅटमध्ये तिने शब्द टाइप केला असेल, तर जतन केलेल्या चॅटमधल्या वेळेचीही मदत होते. तासात कानावर पडलेला प्रत्येक शब्द यादीत घेण्याची गरज नाही. शिक्षिका ज्यापाशी थांबली तेवढेच घ्यावेत.

आता वाक्य कापण्याचं काम. त्यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. वाक्याचा भाग माउसने निवडायचा, Ctrl+B दाबायचं आणि त्या तुकड्याला शब्दाचं नाव द्यायचं. शेवटी निर्यात करताना लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फाइल काढण्याचा पर्याय निवडला की सगळे तुकडे आपापल्या नावाने एकदम बाहेर पडतात. लेबलांची यादी वेगळी जतन केली तर ती अशी दिसते. आकडे सेकंदांचे, आधी वाक्याची सुरुवात, मग शेवट:

```
1934.200000	1938.600000	anrufen_01
2210.450000	2213.100000	Karte_01
```

पहिली ओळ ‘आनरूफेन’ची, म्हणजे फोन करणे. वाक्य आहे, ‘इश् रूफे दिश् मॉर्गेन आन’, मी तुला उद्या फोन करते. या क्रियापदाचा ‘आन’ हा तुकडा वाक्यात सुटून थेट शेवटी जातो. शिक्षिका मुद्दाम ‘मॉर्गेन’नंतर क्षणभर थांबते आणि मग ‘आन’वर जोर देते. ध्वनीच्या आलेखावर ती शांतता सपाट रेषेसारखी दिसते आणि वाक्य तिथेच संपलं असं वाटतं. शांतता ओळखून आपोआप तुकडे पाडणारी सोय वापरली तर नेमकं तिथेच कापलं जातं. ‘आन’ गेला की अर्थही गेला, उरतं ते नुसतं हाक मारणं. म्हणून कापण्याआधी पुढचे दोन सेकंद ऐकावेत आणि दोन्ही कडांना पाव सेकंदाची मोकळी जागा ठेवावी. कड फार घट्ट धरली तर शब्दाचं पहिलं व्यंजन खाल्लं जातं.

शिक्षिका एकच वाक्य बहुधा दोन-तीनदा म्हणते. पहिल्यांदा अक्षर न् अक्षर सुटं करून, मग नेहमीच्या वेगाने. मी नेहमीच्या वेगाचं घ्यावं असं म्हणेन. सावकाश उच्चारात ‘रूफेन’मधला शेवटचा स्वर स्पष्ट ऐकू येतो, बोलताना तो जवळजवळ गळून ‘रूफ्न’ होतो, आणि जर्मनीतल्या दवाखान्यात कानावर पडणार आहे तो हाच.

सगळ्यात फसवा तुकडा वेगळाच असतो. विद्यार्थी म्हणतो, ‘इश् हेल्फे दिश्’. शिक्षिका तेच चुकीचं वाक्य प्रश्नासारखं परत म्हणते, ‘इश् हेल्फे दिश्?’, आणि मग दुरुस्त करते, ‘इश् हेल्फे दीर’. आवाज तिचाच, उच्चार स्वच्छ, म्हणून घाईत तो पहिला तुकडा यादीत जातो. शेवटी स्वर वर चढलेला असेल तर ते उदाहरण नव्हे, चुकीवर ठेवलेलं बोट आहे. असा तुकडा घेऊच नये.

ऐकलेलं लिहून काढण्यासाठी व्हिस्परसारखं सॉफ्टवेअर वापरता येतं, पण मराठी-जर्मन मिसळलेल्या तासात त्याच्यावर विसंबून चालत नाही. भाषा ठरवून दिली नाही तर ते सुरुवातीच्या 30 सेकंदांवरून ती ओळखतं, आणि तास ‘नमस्कार, सगळे आले का’ असा मराठीत सुरू झाला तर पुढचं जर्मनही त्याच चष्म्यातून ऐकतं. शांततेच्या जागी कधी कधी कुणीच न बोललेलं वाक्यही लिहून टाकतं. कापलेले छोटे तुकडे एकेक करून, भाषा जर्मन अशी सांगून दिले तर निकाल पुष्कळ सुधारतो. तरी ‘ज़ाइट’ असा ऐकू येणारा शब्द तपासावाच लागतो. शेवटी टी असेल तर अर्थ ‘पासून’, डी असेल तर ‘तुम्ही आहात’मधलं ‘आहात’. उच्चारात काडीचा फरक नाही, वाक्य वाचूनच ठरवावं लागतं.

तयार यादी अंकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये घालायची तर रकान्यांमध्ये टॅब ठेवून साध्या मजकुराची फाइल करावी:

```
anrufen	फोन करणे	Ich rufe dich morgen an.	[sound:anrufen_01.mp3]
```

आवाजाच्या फाइल अंकीच्या collection.media या फोल्डरमध्ये टाकाव्यात. मजकुराची फाइल UTF-8 मध्येच जतन करावी, नाहीतर देवनागरीचे आणि जर्मनमधल्या दोन टिंबांच्या अक्षरांचे चौकोन होतात. कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त आवाज ठेवावा आणि शब्द, अर्थ, लिहिलेलं वाक्य मागे. शब्द डोळ्यांसमोर असला की कान काम करत नाही.

रेकॉर्डिंगला आणि त्यातून तुकडे काढायला शिक्षिकेची परवानगी आधीच घ्यावी, आणि तुकडे वर्गाबाहेर पाठवू नयेत. परवानगी मागतानाच झूमवर प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये साठवण्याचा पर्याय चालू करायची विनंती करावी. तो बैठक घेणाऱ्याच्या संगणकावरच्या रेकॉर्डिंगसाठी असतो. त्यामुळे शिक्षिकेच्या वाक्यावर दहा जणांचं ‘इश् रूफे’ चढत नाही.

एवढं करूनही काही शब्दांना स्वच्छ वाक्य मिळत नाही. कुणी मध्येच खोकलेलं असतं, कधी नेटवर्क तुटलेलं असतं. तिथे दुसऱ्या कुणाचा आवाज भरू नये. रकाना रिकामा ठेवावा, असे शब्द कागदावर लिहून घ्यावेत आणि पुढच्या तासाच्या सुरुवातीला, रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर, म्हणावं, ‘मॅडम, या तीन शब्दांची वाक्यं परत सांगाल का?’