स्टॉप लागला, पण कोणत्या भावाला?

शुक्रवार, 20 मार्च 2020 रोजी निफ्टी 8,745 च्या आसपास बंद झाला. सोमवारी तो उघडलाच 7,945 च्या आसपास. समजा, शुक्रवारच्या बंद भावाला खरेदी करून 8,500 चा स्टॉप लॉस लावला होता. जुन्या भावांवर पद्धत तपासणारा, म्हणजे बॅकटेस्ट करणारा घाईतला प्रोग्राम इतकंच बघतो की दिवसाचा नीचांक 8,500 खाली गेला. मग तो 8,500 ला विकल्याचं लिहून 245 अंकांचा तोटा दाखवतो. पण सोमवारी त्या भावाला गिऱ्हाईकच नव्हतं. खरा तोटा 800 अंकांचा.

हा दोष मात्र एका ओळीत जातो:

```python
fill = np.minimum(open_, stop)
```

उघडताना भाव स्टॉपच्या खाली असेल तर उघडण्याचाच भाव धरायचा. इथे सगळ्या दिवसांचं गणित एका फटक्यात होतं, याला व्हेक्टराइज्ड पद्धत म्हणतात. वेग हे तिचं मोठं बळ. निफ्टीच्या एक मिनिटाच्या कॅंडल वर्षाला साधारण 94 हजार होतात. दहा वर्षांच्या नऊ लाखांवर ओळींवरचा साधा गुणाकार डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. तेच पायथनच्या साध्या लूपने ओळीमागून ओळ घेतलं, तर शेकडो पर्याय तपासताना रात्र जाते.

व्हेक्टराइज्ड पद्धतीची खरी अडचण आठवणीची आहे. 100 ला घेतलेला शेअर, स्टॉप 95. तिसऱ्या दिवशी भाव 94 ला गेला, पण खरेदीचा इशारा दहाव्या दिवसापर्यंत कायम राहिला आणि तेव्हा भाव 110. फक्त इशारा गुणिले परतावा करणारा प्रोग्राम 10 रुपये नफा दाखवतो. प्रत्यक्षात आपण 95 ला बाहेर पडलेलो असतो. शिवाय पुढचा स्टॉप पुढच्या खरेदीवर ठरणार, आणि ती खरेदी आधीच्या सौद्यातून कधी सुटलो त्यावर. ही साखळी लूप सहज सांभाळतो, कारण पोझिशन आहे की नाही हे त्याला प्रत्येक कॅंडलला ठाऊक असतं. तो संथ वाटत असेल तर नम्बा वापरून तोच लूप यंत्रभाषेत उतरवता येतो. वेगाची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

लूपलाही न सुटणारा एक पेच आहे. एकाच दिवसात उच्चांक 105, नीचांक 94. टार्गेट 104, स्टॉप 95. आधी काय लागलं? दिवसाची कॅंडल ते सांगतच नाही. मिनिटाचा डेटा मिळाला तर बहुतेक वेळा उत्तर सापडतं. नसेल तर मी बॅकटेस्ट दोनदा चालवतो: एकदा स्टॉप आधी लागला असं धरून, एकदा टार्गेट आधी. पहिल्यात तोटा आणि दुसऱ्यात नफा निघाला, तर ती कमाई पद्धतीची नाही, आपण धरलेल्या क्रमाची आहे.