तीन स्क्रीनशॉट आणि दोनशे मेसेज

सिडनीत किंवा मेलबर्नमध्ये आपल्या लोकांत होणारे पैशाचे वाद बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच येऊन अडकतात. खोली भाड्याने घेतली, डिपॉझिट दिलं, सगळं बोलणं चॅटवर झालं. मग खोली सोडताना एक जण म्हणतो "तू कबूल केलं होतंस", दुसरा म्हणतो "कधी?" आणि दोघंही स्क्रीनशॉट काढायला लागतात. अशा वेळी निवडक स्क्रीनशॉटपेक्षा अख्खा एक्स्पोर्ट केलेला चॅट जास्त वजनदार का ठरतो, हा या लेखाचा विषय. कायद्याइतकंच याचं कारण संख्याशास्त्रातही आहे.

एक उदाहरण घेऊ. ते मी बेतलेलं आहे, पण असे प्रसंग वाचकांपैकी अनेकांनी जवळून पाहिले असतील. पश्चिम सिडनीतल्या एका फ्लॅटमध्ये एक विद्यार्थी ऑगस्ट २०२४मध्ये राहायला येतो. फ्लॅटचा मूळ भाडेकरूही मराठीच, त्याला तो 'दादा' म्हणतो. विद्यार्थी डिपॉझिट भरतो ९०० डॉलर. जानेवारीत खोली सोडल्यावर दादा त्यातले ६४० कापतो आणि पुरावा म्हणून विद्यार्थ्याच्या मेसेजचे तीन स्क्रीनशॉट दाखवतो. पहिल्यात आहे, "भिंतीवरचा डाग माझ्याच टेबलामुळे पडलाय." दुसऱ्यात, "कापून घ्या दादा, चालेल." तिसऱ्यात, "सॉरी दादा, राहूनच गेलं."

तिन्ही मेसेज खरे आहेत. कुणी काही बनावट केलेलं नाही. तरीही त्यांवरून ६४० डॉलरचं काहीच सिद्ध होत नाही.

का, ते बघू. त्या पाच महिन्यांत दोघांत २०० मेसेज झाले असं धरा. दोनशेतून तीन निवडण्याचे प्रकार १३,१३,४०० होतात. ज्याच्या हातात निवड आहे त्याला तेरा लाख संचांतून आपल्याला हवा तो उचलता येतो. प्रयोगशाळेत आम्ही याला सोयीचे आकडे वेचणं म्हणतो. शंभर मोजमापांतली तीन दाखवून कुणी निष्कर्ष मांडला, तर आमचा पहिला प्रश्न असतो, "बाकीची सत्त्याण्णव कुठे आहेत?"

पुराव्याचं वजन ठरवायला एक साधी कसोटी आहे. दादाची गोष्ट खरी असती तर हे तीन स्क्रीनशॉट दिसले असते का? हो. आणि त्याची गोष्ट खोटी असती तर? तरीही दिसले असते, कारण ही तीन वाक्यं चॅटमध्ये दोन्ही परिस्थितींत आहेतच. जो पुरावा दोन्ही गोष्टींत सारखाच दिसतो, तो त्या दोन गोष्टींत निवड करायला मदत करत नाही. अख्ख्या चॅटचं तसं नाही. त्यात देणाऱ्याच्या विरुद्ध जाणारी ओळ निघू शकते. ती निघण्याची शक्यता असूनही निघाली नाही, तर त्या न निघण्यालाही अर्थ येतो.

आता विद्यार्थी पूर्ण चॅट काढतो. अँड्रॉइडवर चॅट उघडून तीन टिंबांच्या मेनूत `More` आणि मग `Export chat`. आयफोनवर वरच्या नावावर टॅप करून खाली `Export Chat`. अँड्रॉइडच्या मजकूर फाइलमध्ये ओळी अशा दिसतात (नावं मी बदलली आहेत):

```
25/01/2025, 9:14 pm - भाडेकरू: भिंतीवरचा डाग माझ्याच टेबलामुळे पडलाय
25/01/2025, 9:16 pm - दादा: तेवढाच पट्टा रंगवतो. ८० डॉलर कापू?
25/01/2025, 9:17 pm - भाडेकरू: कापून घ्या दादा, चालेल
```

दोन स्क्रीनशॉटच्या मधली ओळ सापडली. होकार ८० डॉलरला होता. पुढे वाचलं की तिसऱ्या मेसेजचाही उलगडा होतो. विद्यार्थी ओव्हन साफ करायला येतो म्हणाला होता, आलाच नाही, आणि दादाने सफाईचं ९५ डॉलरचं बिल पाठवल्यावर "राहूनच गेलं" असं उत्तर दिलं. म्हणजे पूर्ण चॅट विद्यार्थ्याच्याही अंगावर येतो. हे ९५ त्याने द्यायलाच हवेत. पण स्वतःला ९५ डॉलरचा फटका देणारा कागद जो स्वतःच पुढे ठेवतो, त्याच्या बाकीच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायला ऐकणाऱ्याला कारण मिळतं.

८० आणि ९५ मिळून १७५. उरलेले ४६५ दादाने कार्पेटसाठी लावलेत. त्याबद्दल चॅटमध्ये विद्यार्थ्याचं एकच उत्तर आहे, "बघू दादा." दादा म्हणतो, हा होकार आहे. मराठी माणसाला 'बघू'चा अर्थ सांगायला नको. निम्म्या वेळा ते सौम्य 'नाही' असतं. पण इंग्रजी भाषांतरात ते "व्यवस्था करतो" असंही उतरू शकतं. इथे मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं, आणि एकट्या शब्दाचं भाषांतर म्हणजे जुगारच. अख्ख्या चॅटमध्ये मात्र दोन दिवसांनी विद्यार्थी लिहितो, "कार्पेटचं मला पटत नाही. तो डाग मी आलो तेव्हाच होता, फोटो वर आहे." आणि खरोखरच, १८ ऑगस्ट २०२४ला, राहायला आल्याच्या दिवशी, त्याने डागाचा फोटो पाठवलेला आहे.

इथे एक चूक सहज होते. एक्स्पोर्ट करताना फोटोंसह की फोटोंशिवाय असं विचारलं जातं. फाइल लहान राहावी म्हणून लोक फोटोंशिवाय निवडतात, आणि अँड्रॉइडच्या फाइलमध्ये फोटोच्या जागी नुसतं `<Media omitted>` येतं. आपल्या विद्यार्थ्याचे ४६५ डॉलर नेमके त्या ओळीत अडकलेत. दुसरं असं की व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली कॅमेऱ्याची माहिती, म्हणजे फोटो काढल्याची वेळ आणि जागा, पाठवताना निघून जाते. तेव्हा फोटो कधीचा हे चॅटमधली त्याची जागाच सांगते: आधीचा मेसेज, नंतरचा मेसेज आणि मधला फोटो.

ही मजकूर फाइल नोटपॅडमध्ये उघडून कुणीही बदलू शकतं, मग तिच्यावर विश्वास का ठेवायचा? रास्त शंका आहे. फाइल स्वतःहून काही सिद्ध करत नाही. पण तोच चॅट दादाच्या फोनमध्येही आहे. विद्यार्थ्याने एक ओळ घुसवली तर ती दादाच्या एक्स्पोर्टमध्ये नसेल. एक ओळ काढली तर तिथे ती असेल. दोन फाइल शेजारी ठेवल्या की भोक दिसतं. सगळ्यांसाठी पुसलेल्या मेसेजच्या जागी `This message was deleted` राहतं, बदललेल्या मेसेजपुढे `<This message was edited>` येतं. फक्त स्वतःच्या फोनवरून पुसलेला मेसेज मात्र आपल्या फाइलमधून निमूटपणे गायब होतो, आणि तो समोरच्याच्या फाइलमध्येच सापडतो. स्क्रीनशॉटमध्ये असलेली ओळ फोनवर पडताळता येते. नसलेल्या ओळीची आठवण तो करून देत नाही.

दोन फाइल ताडताना वेळेचा घोळ हमखास होतो. व्हॉट्सअ‍ॅप वेळ दाखवतं ती एक्स्पोर्ट करणारा फोन ज्या टाइमझोनमध्ये आहे त्या हिशेबाने. दादा सुट्टीला पुण्यात असेल आणि तिथून चॅट काढेल, तर 9:14 pm चा मेसेज त्याच्या फाइलमध्ये 3:44 pm चा दिसेल. उन्हाळ्यात, डेलाइट सेव्हिंग चालू असताना, सिडनी भारताच्या साडेपाच तास पुढे असते. एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून साडेचार. सिडनीत २६ तारखेला रात्री १२:२०ला पाठवलेला "किल्ली ठेवली" हा मेसेज पुण्यातल्या फाइलमध्ये २५ तारखेला संध्याकाळी ६:५०चा होतो. यात लबाडी कुणाचीच नाही. फरक सगळ्या ओळींत सारखा असेल तर तो टाइमझोनचा. एकाच ओळीत असेल तर चौकशी करावी.

कायदाही याच दिशेने जातो. १९९५च्या केंद्रीय 'एव्हिडन्स अ‍ॅक्ट'च्या कलम ८१नुसार कबुलीजबाब पुराव्यात घेता येतो, आणि त्याच कलमाचा दुसरा भाग ती कबुली समजायला जरूर असलेली, त्याच सुमाराची आजूबाजूची विधानंही आत येऊ देतो. न्यू साउथ वेल्समध्ये भाड्याचे बरेच वाद ज्या 'एनकॅट'कडे जातात, ते ट्रायब्युनल पुराव्याच्या औपचारिक नियमांना बांधलेलं नाही. त्यामुळे तिथे स्क्रीनशॉट दाखवायला कुणी मनाई करत नाही. प्रश्न उरतो तो त्यांना किती वजन द्यायचं एवढाच.

भारतातला वाद असेल तर रिवाज वेगळा आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं की मूळ उपकरण हजर न करता त्यातल्या इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची, तर सोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅशही लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. एक स्वल्पविराम हलला तरी तो पूर्ण बदलतो. मॅकवर तो असा काढतात:

```
shasum -a 256 _chat.txt
```

हॅश एवढंच सांगतो की तो काढल्यापासून फाइल बदललेली नाही. त्याआधी काय झालं ते तो सांगत नाही. म्हणून चॅट काढल्या काढल्या हॅश घेऊन ठेवावा आणि मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावं.

एक्स्पोर्टला काही मर्यादाही आहेत. कुठलं उत्तर कुठल्या मेसेजला दिलं होतं ती जोडणी आणि मेसेजवरच्या अंगठ्यासारख्या प्रतिक्रिया मजकूर फाइलमध्ये येत नाहीत. समोरच्याचं नाव आपण जसं सेव्ह केलंय तसंच उतरतं, म्हणून नंबर वेगळा दाखवावा लागतो. फार लांब चॅटचा जुना भाग गळू शकतो. फाइलची पहिली तारीख तपासावी. चॅटमध्ये प्रगत गोपनीयतेची सोय चालू असेल तर एक्स्पोर्ट होतच नाही. या जागी स्क्रीनशॉट खरोखर कामाला येतो. दादाने ८० डॉलरच्या मेसेजवर अंगठा दिला असेल, तर तो दाखवायला स्क्रीनशॉटच लागेल.

म्हणून विद्यार्थ्याने फोटोंसह पूर्ण फाइल द्यावी, पानांना क्रमांक घालावेत आणि वर एका पानावर तीन ओळी लिहाव्यात: भिंत ८०, मान्य, अमुक पान, ओव्हन ९५, मान्य, अमुक पान, कार्पेट ४६५, अमान्य, फोटो अमुक पानावर. मग त्या पानांचे स्क्रीनशॉट खुशाल जोडावेत. आता ते निवडक असले तरी चालतील, कारण बाकीचे मेसेज कुठे आहेत हे विचारणाऱ्याला ते शेजारीच सापडतात.