दार किती वेळ उघडं ठेवायचं?

फ्रिक्वेन्सी काउंटरचं काम दारवानासारखं असतं. दार उघडायचं, आत येणारी आवर्तनं मोजायची, वेळ संपली की दार लावायचं. दार उघडं राहण्याची ही वेळ म्हणजे गेट टाइम. ती वेळ दारवान स्वतःच्या घड्याळावर बघतो, आणि ते घड्याळ म्हणजे काउंटरच्या आतला क्वार्ट्‌झ क्रिस्टल. वयोमानाने आणि तापमानाने तो सरकतो.

तो किती सरकलाय हे कळायला त्याच्याहून खात्रीचं काहीतरी हवं. जीपीएस उपग्रहांमधल्या अणुघड्याळांच्या आधाराने चालणारा १० मेगाहर्ट्‌झचा ऑसिलेटर हल्ली हौशी माणसालाही परवडतो. तो आणि काउंटर दोन्ही अर्धा-पाऊण तास तापू द्यावेत, मग त्याचा सिग्नल काउंटरला द्यावा. समजा, गेट एक सेकंद ठेवल्यावर १,००,००,०३४ हा आकडा दिसला. काउंटरचं घड्याळ पुढे आहे असं चटकन वाटतं, पण ते मागे आहे. दारवानाचं घड्याळ सावकाश चालतं, म्हणून दार जास्त वेळ उघडं राहिलं आणि ३४ आवर्तनं जादा शिरली. ही चूक दहा लाखांत ३.४ भागांची झाली.

आता क्रिस्टलजवळचा ट्रिमर प्लास्टिकच्या पेचकसाने फिरवायचा. धातूचा पेचकस जवळ नेताच आकडा बदलतो. फिरवताना गेट एक सेकंदच बरं, कारण प्रत्येक वेळी दहा सेकंद वाट पाहत पेच फिरवणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं. आकडा जवळ आला की दहा सेकंदांचं गेट लावून शेवटची बारीक दुरुस्ती करावी आणि झाकण लावून पुन्हा बघावं. शंभर सेकंदांच्या नादी लागू नये. साध्या क्रिस्टलवर पंख्याचा वारा लागला तरी शेवटचे आकडे हलतात.

गेट लांबवलं की आकडा बारीक होतो, बरोबर होतोच असं नाही. मोजणीत एका आवर्तनाची चूक कायम राहतेच. मनगटी घड्याळाचा क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्‌झचा असतो. एक सेकंदाच्या गेटमध्ये एका आवर्तनाचा फरक म्हणजे दिवसाला सुमारे २.६ सेकंद! दहा सेकंदांत तो पाव सेकंदावर येतो, तेव्हा घड्याळासाठी किमान दहा सेकंद हवेतच. मात्र काउंटर दुरुस्त केला नसता, तर तिथे ०.११ हर्ट्‌झची जुनी चूक आपली आपण मिसळलीच असती, गेट कितीही लांबवलं तरी.

आणखी एक गंमत. बऱ्याच काउंटरच्या मागे स्वतःच्याच क्रिस्टलचा सिग्नल बाहेर देणारं सॉकेट असतं. चुकून केबल तिथून आली, तर काउंटर स्वतःलाच मोजतो आणि क्रिस्टल कितीही भरकटलेला असला तरी १,००,००,००० दाखवतो. पहिल्याच फटक्यात सगळी शून्यं दिसली, की मी आधी केबल कुठून आलीय ते बघतो.